संदेश कूटबद्ध होते, तरीही मी ॲप बदलले

माझी अस्वस्थता संदेशांच्या मजकुराबद्दल नव्हती. व्हॉट्सॲपवरील संभाषण २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कूटबद्ध असते, म्हणजे मधल्या कोणालाही ते वाचता येत नाही, आणि त्यासाठी सिग्नल या ॲपच्या निर्मात्यांनी घडवलेलीच पद्धत वापरली जाते, हे मला माहीत होते. त्यामुळे मजकूर सुरक्षित असेल तर दुसरे ॲप कशासाठी, हा घरच्यांचा प्रश्न रास्तच होता. जानेवारी २०२१ मध्ये गोपनीयता धोरण बदलल्याची सूचना सगळ्यांच्या फोनवर झळकली, तेव्हा मी ते धोरण पहिल्यांदा शांतपणे पूर्ण वाचले. त्यात मजकुराबाहेरची बरीच माहिती गोळा होत असल्याचे लिहिले होते: आपला फोन नंबर, आपल्या फोनबुकमधील नंबर, आपण कोणत्या गटांत आहोत, ॲप केव्हा आणि किती वेळा वापरतो, फोन कोणता आहे आणि इंटरनेटचा पत्ता कोणता. कोण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोलते, एवढ्यावरूनही माणसाविषयी पुष्कळ काही कळते. एखाद्याने रात्री उशिरा डॉक्टरला आणि लगेच वकिलाला संदेश पाठवला, तर त्या संदेशांत काय होते हे वाचायची गरज उरत नाही.

म्हणून पर्याय शोधताना मी एकच कसोटी ठेवली: उद्या न्यायालयाने ॲप चालवणाऱ्या संस्थेकडे माझ्या खात्याची माहिती मागितली, तर तिच्याकडे देण्यासारखे काय असेल? या कसोटीवर टेलिग्राम लगेच बाजूला पडले. तेथील नेहमीचे संभाषण दोन्ही टोकांमध्ये कूटबद्ध नसते. त्यासाठी दोघांतच चालणारे वेगळे गुप्त संभाषण सुरू करावे लागते आणि गटांसाठी तर ती सोयच नाही. थ्रीमा हे स्वित्झर्लंडचे ॲप मला मनापासून आवडले, कारण त्यात फोन नंबर न देता आठ अक्षरांच्या ओळखीवर खाते उघडता येते. पण ते विकत घ्यावे लागते, आणि घरातल्या प्रत्येकाने त्यासाठी पैसे भरावेत असा आग्रह मला धरता आला नाही.

सिग्नलबाबत मात्र या कसोटीचे उत्तर कागदोपत्री मिळाले. अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, २०१६ मध्ये दोन नंबरांची माहिती मागितली होती. त्यांपैकी एका नंबरावर खातेच नव्हते. दुसऱ्याबद्दल संस्थेला दोनच गोष्टी देता आल्या, खाते केव्हा उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे केव्हा जोडले गेले. संपर्कांची यादी, गट, कोणाशी संभाषण झाले, यांपैकी काहीच साठवलेले नव्हते. कंपनीच्या आश्वासनापेक्षा हा प्रसंग मला अधिक भरवशाचा वाटला.

सिग्नलला नोंदणीसाठी फोन नंबर लागतोच आणि ही त्याची खरी मर्यादा आहे. परंतु फेब्रुवारी २०२४ पासून तो इतरांपासून लपवता येतो. मी Settings, मग Privacy आणि त्यात Phone Number येथे गेलो. नंबर कोणाला दिसावा हे आधीच Nobody वर होते, पण नंबरावरून मला कोण शोधू शकेल, हे Everybody वर होते. ते बदलून मी Nobody केले. त्यानंतर शेवटी अंक असलेले एक वापरकर्ता नाव घेतले, आणि नव्या ओळखीच्या माणसाला नंबराऐवजी तेच देऊ लागलो. हे नाव संभाषणात कुठेही दिसत नाही. ते केवळ भेट घडवण्यापुरते असते आणि पाहिजे तेव्हा बदलता येते. ज्यांच्या फोनबुकमध्ये माझा नंबर आधीपासून आहे त्यांना तो दिसत राहतो, यावर मात्र कोणतेही सेटिंग चालत नाही. फोनबुक वाचण्याची परवानगीही मी दिली नाही. ती नसतानाही ॲप चालते, फक्त माणसे एकेक करून जोडावी लागतात.

घरच्या गटाला आणताना मी सगळ्यांना एकदम बोलावले नाही. आधी बहीण आणि मावशी आल्या, मग त्यांच्याशी बोलण्यासाठी बाकीचे आले. प्रत्येकाच्या फोनवर मी Registration Lock सुरू करून दिले, म्हणजे कोणी आपले सिम मिळवले तरी सिग्नलचा पिन माहीत असल्याशिवाय त्याला आपल्या नंबरावर नवी नोंदणी करता येत नाही. पिन स्वतःच विसरल्यास सात दिवसांपर्यंत अडकून राहावे लागते, हे मात्र प्रत्येकाला आधीच सांगितले आणि पिन कागदावर लिहून ठेवायला लावला.

काही काळाने मावशीच्या संभाषणात तिचा सुरक्षा क्रमांक बदलल्याची सूचना आली. हा साठ अंकी क्रमांक दोघांच्या फोनमधील, संदेश कूटबद्ध करणाऱ्या गुप्त किल्ल्यांच्या जोडीने येणाऱ्या ओळख-किल्लीवरून तयार होतो आणि दोन्ही फोनवर तो सारखाच दिसला पाहिजे. तो बदलण्याचे नेहमीचे कारण साधे असते: समोरच्याने फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा बसवलेले असते. परंतु कोणी तिच्या नंबरावर नोंदणी केली असती, तरीही मला हीच सूचना दिसली असती. दोन्हींतला फरक त्या सूचनेवरून कळत नाही. म्हणून मी सिग्नलवर काहीही न लिहिता तिला साधा फोन लावला. “मावशी, तुम्ही फोन बदललात का?” असे विचारल्यावर तिने होकार दिला. मग तिने अंक पाच-पाचच्या गटांनी वाचून दाखवले, मी ताडून पाहिले आणि ते जुळल्यावर तिच्या नावापुढे पडताळणी झाल्याची खूण केली. ज्यांच्याशी आपण नाजूक गोष्टी बोलतो, त्यांच्याबाबत एवढे कष्ट जरूर घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या गप्पांचा प्रश्न सर्वांना सतावत होता. व्हॉट्सॲपवरील संभाषण सिग्नलमध्ये आणता येत नाही. शिवाय जुना बॅकअप क्लाउडवर पडून असतो, आणि कूटबद्ध बॅकअपची २०२१ मध्ये आलेली सोय आपण स्वतः सुरू केलेली नसेल, तर त्याला संदेशांसारखे संरक्षण नसते. मी ठेवण्याजोगी छायाचित्रे आणि कागदपत्रे उतरवून घेतली, तो बॅकअप काढून टाकला आणि मग खाते बंद केले. नुसते ॲप काढल्याने खाते बंद होत नाही. ते सेटिंगमध्ये जाऊनच बंद करावे लागते, आणि त्यानंतरही माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. इतरांच्या फोनवर असलेल्या माझ्या संदेशांना तर याने हातही लागत नाही. सिग्नलच्या ऑनलाइन बॅकअपची सोय २०२५ मध्ये आली आहे. तिची ६४ अक्षरांची किल्ली हरवली तर ती संस्थेलाही परत देता येत नाही, म्हणून मी ती दोन ठिकाणी लिहून ठेवली आहे.

आता अधूनमधून मी Linked devices ही यादी उघडून पाहतो. खोट्या क्यूआर कोडच्या आमिषाने एखाद्याच्या खात्याला परके उपकरण जोडण्याचे प्रकार रशियाशी संबंधित गटांनी केल्याचे गुगलच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले होते. असे उपकरण जोडले गेले की पुढचे संदेश दोन्हीकडे पोहोचतात आणि सुरक्षा क्रमांक बदलत नाही. म्हणून यादीत माझ्या संगणकाखेरीज काही दिसले, तर ते तेथूनच काढून टाकायचे, हे मी घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर करून पाहायला सांगितले आहे.