आमची वाटचाल : सहा ठिकाणांवरून दोन ठिकाणांवर

सोलापुरात टॉवेल विकणे म्हणजे नाशकात द्राक्षे विकण्यासारखे आहे, असे माझे काका म्हणत असत. माल सर्वत्र आहे, विणणारे कुशल आहेत आणि सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही आहे; त्यामुळे नव्याने घाऊक व्यापारात येणाऱ्याला मालाची अडचण फारशी येत नाही, अडचण येते ती ग्राहक शोधण्याची. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील दोन यंत्रमागधारकांकडून माल घेऊन तो लॉज, सलून आणि दवाखाने यांना पुरवायचा, एवढ्या कल्पनेवर माझ्या धाकट्या बहिणीने आणि मी ही पेढी सुरू केली. किरकोळ विक्री करायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले होते.

पहिल्या तीन महिन्यांत आम्ही सहा ठिकाणी होतो. उद्योजकांना पुरवठादार शोधून देणारे एक मोठे संकेतस्थळ, ज्याच्या पॅकेजसाठी आम्ही वर्षाचे सुमारे ४० हजार रुपये मोजले होते. त्याखेरीज इन्स्टाग्राम, फेसबुक, लिंक्डइन, गुगल नकाशावरील नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. प्रत्येक ठिकाणी वेगळी छायाचित्रे, वेगळे दर आणि वेगळी उत्तरे द्यावी लागत. बहीण रात्री अकरापर्यंत फोनवर असे आणि तरीही गोदामातील गठ्ठे हलत नव्हते.

वैतागून एक साधी वही घातली. चौकशी कोठून आली, कोणाची आली, किती डझनांची होती, नमुना मागवला का, ऑर्डर आली का आणि दुसरी ऑर्डर आली का, असे सहा रकाने आखले. शेवटचा रकाना बहिणीने आग्रहाने घालायला लावला. घाऊक धंद्यात पहिली ऑर्डर नमुना, प्रवास आणि घासाघीस यांतच खर्ची पडते. नफा दुसऱ्या ऑर्डरपासून सुरू होतो, हा तिचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला.

तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा त्या संकेतस्थळावरून १३८ चौकशा आलेल्या दिसल्या. नमुना मागवणारे ११, ऑर्डर देणारे ४ आणि परत येणारे २. कारण शोधायला वेळ लागला. तेथे ग्राहकाची एकच चौकशी अनेक विक्रेत्यांना दिली जाते. आमचा फोन जाईपर्यंत समोरच्याकडे चार दर आलेले असत आणि बोलणे फक्त दरावरच होई. शिवाय निम्म्याहून अधिक निरोप ‘टॉवेल होलसेल रेट’ एवढेच असत. त्यात माप, वजन, संख्या काहीही नसे. इन्स्टाग्रामवर कौतुक पुष्कळ झाले, पण मागणी घरासाठी दोन-दोन नगांची होती. लिंक्डइनवर एका हॉटेल समूहाच्या खरेदी अधिकाऱ्याने उत्तर दिले, मात्र त्यांची उधारी ६० दिवसांची होती आणि यंत्रमागवाला आमच्याकडून पैसे १५ दिवसांत घेतो. ती दारे आम्ही तेव्हाच बंद केली. फेसबुकविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही.

खरा बदल झाला तो ठिकाणांची तुलना सोडून ग्राहकांची तुलना केल्यावर. परत आलेल्या ग्राहकांत बहुतेक तुळजापूर, पंढरपूर आणि अक्कलकोट येथील भाविकांसाठीचे लॉज होते. हे मालक संकेतस्थळांवर पुरवठादार शोधत बसत नाहीत; ते शेजारच्या लॉजवाल्याला विचारतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतात. त्यांची खरेदीही ठरावीक असते : पंढरपुरात आषाढी आणि कार्तिकीच्या आधी, तुळजापुरात नवरात्राच्या आधी. संख्येचा हिशेबही सोपा असतो. २० खोल्यांच्या लॉजला प्रत्येक खोलीस दोन टॉवेल, आणि त्याचे तीन संच, म्हणजे एक वापरात, एक धुण्यात आणि एक कपाटात. एकूण १२० नग, अर्थात १० डझन.

म्हणून पहिली निवड व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची झाली. कॅटलॉगमध्ये मोजून सहा माल ठेवले आणि प्रत्येकाखाली माप, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, आणि एका नगाचे वजन लिहिले. लॉजवाल्यास जीएसएम कळो न कळो, ३० बाय ६० इंचाचा, ४०० जीएसएमचा टॉवेल सुमारे ४६५ ग्रॅम भरतो हे त्याला तराजूवर तपासता येते, आणि तसे तो तपासतोही. नंतर ब्रॉडकास्ट यादी केली आणि तेथे पहिली चूक झाली. आषाढीच्या आधी यादीतील सर्वांना निरोप पाठवला, परंतु बहुतेकांसमोर एकच टिक राहिली. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला नसेल, त्याला ब्रॉडकास्टचा निरोप पोहोचत नाही, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. तेव्हापासून गठ्ठा उतरवताना आमचा माणूस मालकासमोर उभा राहून क्रमांक साठवून घेतो आणि मगच चलनावर सही मागतो. थोडे आगाऊपणाचे वाटते, पण त्याला इलाज नाही.

दुसरी निवड करताना बराच वाद झाला. ४० हजार रुपये भरूनही मोजके ग्राहक देणारे संकेतस्थळ सोडून द्यावे, असे माझे मत होते. बहिणीने वहीतील ते दोन परतलेले ग्राहक दाखवले; दोघेही परराज्यातील सलूनमालाचे वितरक होते आणि प्रत्येकाची मागणी १०० डझनांची होती. असे वितरक आम्हांला व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच सापडले नसते. मग ते पॅकेज ठेवले, परंतु नोंद पूर्ण बदलली. सर्व प्रकारचे टॉवेल काढून टाकले आणि फक्त सलूनचे गडद टॉवेल ठेवले, कारण केसांच्या रंगाचे डाग लपावेत म्हणून सलूनवाल्यांना काळा किंवा मरून रंगच हवा असतो. किमान ऑर्डर ५० डझन, असे शीर्षकातच लिहिले. चौकशी आली की आधी संख्या आणि जीएसटी क्रमांक विचारायचा, तो क्रमांक gst.gov.in वर तपासायचा आणि मगच दर सांगायचा, असा नियम केला. जो क्रमांक देत नाही त्याला पुन्हा फोन करत नाही.

पुढील तिमाहीत तेथील चौकशा १३८ वरून ४१ वर आल्या. सुरुवातीला धास्ती वाटली, पण नमुना मागवणारे १४ आणि ऑर्डर देणारे ६ झाले. एकदा मात्र गडद टॉवेलचा रंग पहिल्या धुण्यात सुटला आणि एका वितरकाने ३० डझन माल परत पाठवला. आता नमुन्यासोबत आम्ही आधीच तीनदा धुतलेला एक टॉवेल पाठवतो. न धुतलेल्याशेजारी ठेवून पाहिल्यावर रंगाविषयीचा प्रश्न निघत नाही.

गुगल नकाशावरील नोंद तशीच आहे, कारण तिला रोजचे काम लागत नाही आणि गाडीवाल्याला गोदाम सापडते. बाकीची तीन खाती आम्ही बंद केली. गेल्या महिन्यापासून पुण्याचे एक रुग्णालय चादरींविषयी विचारत आहे आणि लिंक्डइन पुन्हा उघडावे का, अशी चर्चा घरात सुरू झाली आहे. बहिणीने उधारीचे दिवस विचारले आहेत. त्यांचे उत्तर आल्यावर वहीत सातवा रकाना आखायचा की नाही ते ठरेल.