सिलिंडरमागचा साप

“फोटो पाठवला तरी प्रत्येक वेळी ‘नक्की सांगता येत नाही’ असं का म्हणता? विषारी की बिनविषारी, एवढंच तर विचारतोय!”

तुम्ही विचारलंत म्हणून एक फोटो समोर ठेवतो. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका घरातून पावसाळ्यात रात्री आलेल्या त्या फोटोत गॅस सिलिंडरमागे दडलेल्या सापाचा वीतभर मधला भाग, काळसर अंगावरचे पांढरे आडवे पट्टे आणि त्यांच्यावर पडलेली फ्लॅशची चकाकी एवढेच दिसत होते. डोकेही नव्हते, शेपटीही नव्हती. आपल्याकडे घरात शिरणाऱ्या सापांपैकी दोन साप असे दिसतात: अतिविषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या.

मोठ्या मण्याराचे बारीक, बहुधा जोडीने असणारे पट्टे डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत टिकतात, तर कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून मागे पुसट होत जातात. मात्र हा फरक संपूर्ण साप दिसल्यावरच कळतो, आणि मण्याराच्या पिल्लात पट्टे पुढच्या भागातही असू शकतात. त्याहून भरवशाची खूण म्हणजे पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची ओळ. मण्यारात हे खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात, कवड्यात ते इतर खवल्यांसारखेच असतात. दोघांचेही अंग तुकतुकीत असल्यामुळे फ्लॅशचा उजेड नेमका याच ओळीवरून परततो आणि पाहायचे तेच पांढरे होऊन जाते. फोटो मोठा करून उपयोग होत नाही, कारण अंधारातला फोटो मोबाइल स्वतःच गुळगुळीत करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तो आणखी आकसतो, आणि मग खवल्याची कड म्हणून जे दिसते ती कड असेलच असे नाही.

म्हणून मी त्यांना कळवले, “पट्टे मण्याराशी जुळतात, कवड्याशीही जुळतात, पाठीचे खवले दिसत नाहीत, त्यामुळे ठरवता येत नाही. मण्यार आहे असे धरूनच वागा. मुलांना बाहेर न्या आणि दारातून नजर ठेवा. दुसरा फोटो काढता आला तर आहात तिथूनच, फ्लॅश बंद करून, बाजूने बॅटरी मारून काढा. त्यासाठी जवळ मात्र जाऊ नका.” “बहुतेक कवड्याच असेल,” असे म्हटले असते तर त्यातला ‘बहुतेक’ कोणी ऐकला नसता. मण्याराच्या दंशाची जागा अनेकदा दुखतही नाही, सुजतही नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त झोपतो आणि काही तासांनी त्याच्या श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात.

दंश झालाच असेल, तर माझ्या उत्तरासाठी थांबूच नका, थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच असते, आणि ती द्यायची की नाही हे डॉक्टर पापण्या जड होणे, गिळता न येणे, रक्त न गोठणे अशा लक्षणांवरून ठरवतात.