तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस दिवसांतली दहा वर्षं

«आमची नळी कापून नेलीत, पंचवीस दिवस भट्टीत टांगलीत आणि म्हणता अजून दहा वर्षं चालेल. हे काढता कसं?»

वीजकेंद्रातले लोक हे विचारतात तेव्हा आवाजात थोडी शंका असते, आणि ती रास्तच आहे. बॉयलर एक लाख तास चालला की आयबीआर या भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे त्याच्या उरलेल्या आयुष्याची तपासणी करावी लागते, त्यातून या नळ्या आमच्या प्रयोगशाळेत येतात. पुढच्या एक लाख तासांचं उत्तर त्यांना दोन महिन्यांत हवं असतं.

एका नळीचंच सांगतो. वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरची, टी-२२ या पोलादाची, म्हणजे सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम. बाहेरचा व्यास ५१ मिलिमीटर, झिजून उरलेली जाडी ७. आतल्या वाफेचा दाब साधारण १५० बार. त्या दाबाने नळी फुगू पाहते, आणि तिच्या भिंतीवर येणारा ताण निघतो ४७ मेगापास्कल. थंड पोलादाला एवढा ताण जाणवतसुद्धा नाही. पण ५६० अंशांना तेच पोलाद त्या ताणाखाली वर्षानुवर्षं कणाकणाने ताणलं जात राहतं आणि शेवटी फाटतं. यालाच क्रीप म्हणतात.

आम्ही नळीच्या भिंतीतून उभा तुकडा कापून ४ मिलिमीटर व्यासाची बारीक सळई कातून घेतो. तिच्यावर ४७ मेगापास्कल आणायला साधारण ६० किलोंचा ओढा लागतो. एकास दहाची तरफ असेल तर खाली सहा किलोंची वजनं अडकवली की झालं. ताण नळीला प्रत्यक्षात सोसावा लागतो तेवढाच. वाढवायचं ते फक्त तापमान. सळई तुटली की तरफ खाली आदळते, स्विच दाबला जातो आणि तास मोजणारं मीटर थांबतं. सकाळी दार उघडल्यावर आधी नजर जाते ती थांबलेल्या मीटरकडे.

ताण तोच आणि आच जास्त, तर सळई लवकर तुटणार, एवढं कुणालाही कळतं. किती लवकर, हा खरा प्रश्न. क्रीपमध्ये अणू आपली जागा सोडून सरकतात, आणि त्या सरकण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. म्हणून तासांऐवजी तासांचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि तो केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्ताशी मांडायचा. मग एका ताणाचे बिंदू जवळजवळ एका रेषेत बसतात. १९५२ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या एफ. आर. लार्सन आणि जेम्स मिलर यांनी यातून एक सुटसुटीत आकडा काढला. त्याआधी १९४५ मध्ये हॉलोमन आणि जॅफी यांनी पोलादाच्या टेंपरिंगसाठी याच घडणीचं सूत्र मांडलं होतं.

```
P = T (C + log10 t)
```

`T` केल्विनमध्ये, `t` तासांत, आणि `C` बऱ्याच पोलादांसाठी २० च्या आसपास. `P` हा लार्सन-मिलर पॅरामीटर. ताण तोच असेल तर `P` तोच राहतो. मग तो आकडा थोडा वेळ आणि जास्त आच असा खर्च करा, किंवा कमी आच आणि पुष्कळ वेळ असा.

आता तुमचे पंचवीस दिवस. सळई ६४० अंशांना, म्हणजे ९१३ केल्विनला, ६०० तासांनी तुटली. ६०० चा लॉग २.७७८. त्यात २० मिळवून ९१३ ने गुणलं की `P` येतो सुमारे २०,७९६. नळी बॉयलरमध्ये ५६० अंशांना, म्हणजे ८३३ केल्विनला आहे असं धरू. २०,७९६ भागिले ८३३ म्हणजे २४.९६६. त्यातून २० वजा केले की उरतो ४.९६६, आणि हा लॉग ज्या संख्येचा आहे ती ९२,४०० तास. वर्षाचे ८,७६० तास धरले तर साडेदहा वर्षं. गणित एवढंच, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतं. सेल्सिअसमध्येच गुणाकार करून बसणारा एखादा दरवर्षी भेटतो, पण त्याचं उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की चूक लपत नाही.

लपणाऱ्या चुका वेगळ्या असतात. पहिली त्या २० मध्येच आहे. हा आकडा निसर्गाचा स्थिरांक नाही. पुष्कळ मिश्रधातूंच्या चाचण्यांवर बरा बसला म्हणून तो रूढ झाला. नऊ टक्के क्रोमियमच्या ग्रेड ९१ ला तो ३० च्या जवळ घेतात. आपल्याच नळीत २० ऐवजी १८ धरले तर आयुष्य ५९,००० तासांवर येतं, २२ धरले तर १,४४,००० वर जातं. चाचणी तीच, सळई तीच. म्हणून एकाच तापमानाला एकच सळई तोडून कुणी वर्षं सांगत असेल तर त्याने `C` कुठून आणला ते आधी विचारा.

आम्ही निदान तीन तापमानांना सळया तोडतो. म्हणजे `C` पुस्तकातून उचलावा लागत नाही, दोन-दोन बिंदूंवरून काढता येतो. या नळीची ६८० अंशांची सळई ६५ तासांनी तुटली, ६६० ची १९० तासांनी. दोन्हींचा `P` सारखा यायला हवा, या अटीवरून `C` निघतो १९.९. छान. ६४० ची मात्र काही तुटेना. सहाशे झाले, सातशे झाले, शेवटी ८०० तासांना मीटर थांबलं. आता ६६० आणि ६४० या जोडीवरून `C` काढला तर २६!

खरं सांगतो, पहिला विचार आला तो आनंदाचा. कमी तापमानाला पोलाद अंदाजापेक्षा जास्त टिकतंय, ग्राहक खूश होईल. क्रीपच्या आकड्यांमध्ये पसारा तर असतोच. एकाच नळीतून शेजारी-शेजारी कापलेल्या दोन सळयाही सारख्या तासांना तुटत नाहीत. त्यामुळे ८०० हा आकडा पसाऱ्यात खपून गेला असता. पण `C` १९.९ वरून २६ वर उडी मारतो याचा अर्थ दोनांपैकी एक. एक तर पोलादाचं वागणंच या वीस अंशांत बदललं, किंवा माझं काहीतरी चुकलं. दुसऱ्याची शक्यता नेहमीच जास्त.

भट्टी उघडली. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं टोक सळईला दोऱ्याने घट्ट बांधलेलं असतं. ते सुटून बाजूला आलं होतं आणि तापलेल्या तारेच्या गुंडाळीकडे तोंड करून लोंबत होतं. टोकाला भट्टीच्या भिंतीची आच सरळ लागत होती आणि ते ६४० दाखवत होतं. सळई होती त्याहून थोडी थंड. उरलेल्या दोन सळयांवरून मागे हिशेब केला तर ती ६३५ च्या आसपास असणार असं दिसलं. नवी सळई लावली, थर्मोकपल मीच बांधलं, आणि ती ६०० तासांना तुटली. तेच हे तुमचे पंचवीस दिवस. त्याआधीचे तेहतीस वाया गेले ते आम्ही कुणाला सांगत नाही. पहिला आकडा तसाच ठेवला असता तर अहवालात ९२,००० ऐवजी १,२६,००० तास गेले असते. पाच अंशांची चूक, आणि चार वर्षं फुकटात वाढली असती.

घाई असलेले ग्राहक मग विचारतात, ६४० कशाला, ७८० ला टांगा की, तासाभरात मोकळे. आढीत घातलेली कैरी उबेने लवकर पिकते हे खरं. म्हणून ती कुकरमध्ये घातली तर लगेच पिकत नाही, तिचं पन्हं होतं. पोलादाचंही तसंच. फार तापवलं तर बारीक कार्बाइड भराभर जाड होतात, हवेतल्या चाचणीत पृष्ठभागावर पापुद्रे येऊन चार मिलिमीटरची सळई आणखी बारीक होते, आणि टी-२२ आठशे अंशांच्या जवळ गेलं की त्याची रचनाच पालटायला लागते. तिथे तुटलेली सळई बॉयलरमधल्या नळीबद्दल काही सांगत नाही. सूत्र मात्र तक्रार न करता आकडा देतं.

उलट बाजूनेही फसगत होते. बारा टक्के क्रोमियमच्या काही पोलादांचे थोड्या तासांचे आकडे सुरेख आले, त्यावरून लांबचं आयुष्य काढलं गेलं. पण हजारो तासांनी त्यांच्यात झेड-फेज नावाचं संयुग वाढतं आणि ताकद देणारे बारीक कण खाऊन टाकतं. थोड्या वेळाच्या चाचणीत ते दिसतच नाही. पुढे त्यांच्या मान्य ताकदीचे आकडे खाली आणावे लागले. म्हणून सर्वांत लांब चाललेल्या चाचणीच्या तिपटीपलीकडे जाऊ नये असा दंडक नव्या पोलादासाठी पाळतात. आमची नळी ६०० तासांवरून ९२,००० ला उडी मारते, म्हणजे दंडकाच्या कितीतरी पलीकडे. फरक एवढाच की ही नळी आधीच एक लाख तास जगून आली आहे. व्हायचे ते बरेचसे सावकाश बदल तिच्यात होऊन गेले आहेत. तरीही पुढच्या तपासणीची तारीख देताना मी निघालेल्या आयुष्याच्या निम्म्यावरच थांबतो.

आणि एवढं सगळं सांभाळूनही हिशेबातला सर्वांत कच्चा आकडा आमच्या भट्टीतला नसतोच. तो तुमच्याकडून आलेला ५६० असतो. नियंत्रण कक्षात वाफेचं तापमान दिसतं ५४०, नळीच्या धातूचं नाही. नळीच्या आतून ऑक्साइडचा थर जमतो, तो उष्णतेला अडवतो, आणि थर जाड होईल तसा धातू वाफेहून अधिकाधिक गरम होत जातो. ५६० च्या जागी ५७० निघाले तर त्याच २०,७९६ मधून येतात ४६,७०० तास. साडेदहाची सव्वापाच वर्षं!

या नळीच्या वेळी तिथल्या बॉयलर विभागाच्या साहेबांना मी हेच विचारलं, «५६० कशावरून?» ते म्हणाले, «डिझाइनच्या कागदात आहे.» पुढच्या शटडाउनमध्ये त्यांनी सुपरहीटरच्या काही नळ्यांवर थर्मोकपल बसवले. कडेच्या नळ्या ठीक होत्या. मधल्या तिघींचा हिशेब ५६८ वर गेला. मी जुनी फाइल काढली, ८३३ खोडून ८४१ लिहिलं, उत्तर आलं ५३,००० तास. पुढची तपासणी अलीकडे आणली, आणि त्या तीन नळ्यांची मागणी त्यांनी त्याच आठवड्यात स्टोअरला लावली.