आईचं इन्सुलिन: युनिटवरून मिलीवर

दिवाळीत आई गावी आली आणि तिच्या सिरिंजा संपल्या. आमची नेहमीची लाल टोपणाची, एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीसाठीची. गावातल्या मेडिकलवाल्याने केशरी टोपणाच्या दिल्या आणि म्हणाला, "इन्सुलिनचीच आहे, चालते." त्यावर १०० छापलेलं होतं, म्हणजे तिच्या रेघा एका मिलीत १०० युनिट असलेल्या बाटलीसाठीच्या. आईच्या बाटलीवर होतं ४० आययू/मिली. आययू म्हणजे युनिटच. मी पाकीट न फोडता डॉक्टरांना फोन लावला.

"केशरी वापरू नका. साधी एक मिलीची सिरिंज मिळते का बघा, शंभर बारीक रेघांची," ते म्हणाले. "आणि भरायच्या आधी किती मिली ते मला सांगा."

आईचा सकाळचा डोस १८ युनिट. बाटलीवर ३०/७० असंही मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण ते झटपट आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं प्रमाण. आपल्या भागाकारात त्याचं काही काम नाही. आपल्याला हवा फक्त ४० हा आकडा: एका मिलीत ४० युनिट. म्हणून १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिली. उलटं करून पाहिलं, ०.४५ गुणिले ४०, पुन्हा १८. रात्रीचे १० युनिट म्हणजे ०.२५ मिली. दोन्ही उत्तरं फोनवर वाचून दाखवली, डॉक्टरांनी होकार दिला.

केशरी सिरिंजेत १८ च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर काय झालं असतं, तेही मांडून पाहिलं. तिथे १८ ची रेघ म्हणजे ०.१८ मिली. आमच्या बाटलीतून तेवढं घेतलं तर पोटात जातात जेमतेम ७ युनिट, आणि साखर चढते. याच्या उलट प्रकार जास्त भयंकर: १०० ची बाटली आणि लाल सिरिंज. तिथे १८ च्या रेघेवर ४५ युनिट भरतात, अडीचपट. साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो.

एक मिलीच्या सिरिंजेत एक बारीक रेघ ०.०१ मिलीची. ०.४ नंतर पाच रेघा मोजल्या. दोन मिलीची सिरिंज घेऊन चाललं नसतं, तिच्या रेघा ०.१ च्या, ०.४५ अंदाजानेच धरावं लागतं. बाटली तळव्यांत फिरवून दुधाळ केली, आधी ०.४५ हवा आत सोडली, मग बाटली उलटी धरून औषध ओढलं. वर एक बुडबुडा अडकला होता. तो तसाच राहिला तर तेवढं औषध कमी जातं, म्हणून टिचकी मारून बाहेर काढला आणि रेघ पुन्हा जुळवली.

आई शेजारी चष्मा लावून बसली होती. "एवढंसंच?" म्हणाली. लाल सिरिंजेतही तेवढंच असतं, पण तिथे ती १८ चा आकडा बघते.

तालुक्याहून लाल टोपणाच्या आल्यावर केशरी पाकीट मेडिकलमध्ये परत दिलं.