एक साथ नमस्ते

आपल्या शाळेच्या कुठल्याही बॅचचा माणूस समोर उभा करा, एक गोष्ट त्याला आजही बिनचूक म्हणून दाखवता येईल : "एऽक साऽथ, नमऽस्तेऽ!" कविता विसरल्या असतील, त्रिकोणाची प्रमेयं तर नक्कीच गेली असतील, पण हे तीन शब्द त्याच सुरात बाहेर पडतील. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी हाच विषय घेतला. पाचवी ते दहावी मी इथे शिकले, पुढे डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि नुकतीच निवृत्त झाले. म्हणजे आधी हे नमस्ते मी म्हटलं आणि नंतर नोकरीभर ऐकलं. यातून मुलांना आदर शिकायला मिळतो की नुसता गलबला होतो, हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी पडलेला आहे.

आधी ते घडतं कसं ते सांगते. परिपाठ संपून मुलं वर्गात येतात. दप्तरं आपटत असतात, कुणाची पेन्सिल हरवलेली असते, खिडकीतल्या जागेवरून भांडण चालू असतं. बाई दारात दिसल्या की मॉनिटर उठून "एऽक साऽथ" म्हणतो. ही रचना सरळ कवायतीतली आहे. 'सावधान'मधला 'साव' लांबवतात तो सगळ्यांनी तयार व्हावं म्हणून, आणि 'धान'ला पाय जुळतात. इथेही 'एक साथ' म्हणेपर्यंत मुलं उठतात, श्वास घेतात आणि 'नमस्ते'ला सगळ्यांचं तोंड एकदम उघडतं. एवढ्या पाच-सात सेकंदांत पन्नास जणांची पन्नास कामं थांबून एक वर्ग तयार होतो. बाईंना टेबलावर छडी आपटावी लागत नाही, 'गप्प बसा' म्हणून ओरडावं लागत नाही.

त्या ओढलेल्या सुराची मोठी माणसं नक्कल करतात. मुलं कंटाळून तसं म्हणतात असं त्यांना वाटतं, पण त्यामागचं कारण वेगळं आहे. पन्नास जणांनी एकाच वेळी बोलायचं तर कुणीतरी पुढे जातो, कुणी मागे राहतो. व्यंजनावर थांबता येत नाही, स्वरावर थांबता येतं. म्हणून 'नमऽ' लांबतं, मागचे तिथे येऊन मिळतात आणि 'स्ते' सगळ्यांचं बरोबर पडतं. पाढे म्हणताना, बाराखडी म्हणताना, प्रतिज्ञा म्हणताना मुलं हेच करतात. एकट्या मुलाला नमस्ते म्हणायला सांगा, तो साधं, आखूड म्हणेल.

आता गलबल्याची बाजू. माध्यमिकला दिवसात आठ तासिका धरा. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरायची असते. प्रत्येक तासाला नमस्ते म्हटलं तर वर्षाला १७६० वेळा होतं. कुठलंही वाक्य इतक्या वेळा म्हटलं की ते तोंडाचं होऊन जातं, मनाचा त्याच्याशी संबंध राहत नाही. यात मुलांचा काही दोष नाही.

पण गलबल्याला खरी सुरुवात कुठे होते, ते मी पाहिलेलं आहे. "आवाज आला नाही, पुन्हा!" इथे ती होते. नमस्ते दोनदा, तीनदा म्हणून घेणारे शिक्षक मी विद्यार्थी असताना पाहिले, पुढे शिक्षकखोलीतही पाहिले. दुसऱ्या वेळेपासून मुलांना कळतं की इथे मोजमाप आवाजाचं आहे. मागच्या बाकांवरून आरोळी येते, मुलांना मजा वाटते, आणि जो मुलगा पहिल्यांदा मनापासून हळू म्हणाला होता तोही ओरडायला लागतो. साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशी याचा सरावही होतो. आलेल्या पाहुण्यांना वाटतं, काय शिस्त आहे!

कुठल्याही वर्गात उभं राहिलं तर नमस्ते पोकळ झालंय का, हे मला बाकांच्या आवाजावरून कळतं. 'स्ते' संपायच्या आत बाक वाजला की समजावं, मुलं बसण्यासाठी उठली होती. दुसरी खूण नजरेची. मुलं बाईंकडे बघून म्हणतात की अर्धवट उघडलेल्या वहीकडे? आणि तिसरी खूण, जी फार कमी जण पाहतात, ती शिक्षकाची असते. मुलं नमस्ते म्हणत असताना कितीतरी शिक्षक पाठमोरे होऊन फळा पुसत असतात किंवा हजेरीपट उघडत असतात. नमस्काराला समोरून उत्तर आलं नाही तर तो म्हणणाऱ्याच्या लेखी अर्धाच राहतो, आणि लहान मुलाला हे आपल्यापेक्षा आधी कळतं.

आम्हाला पाचवीला ज्या वर्गशिक्षिका होत्या, त्यांच्याकडून मी ही गोष्ट शिकले. त्या आत आल्या की डस्टर, खडू, हजेरीपट सगळं टेबलावर ठेवायच्या आणि मगच वर्गाकडे तोंड करून हात जोडायच्या. आमचं म्हणून होईपर्यंत हात तसेच. मग "नमस्ते" एवढंच, आणि लगेच "बसा" नाही. मधे दोन-तीन क्षण त्या डावीकडच्या पहिल्या बाकापासून उजवीकडच्या शेवटच्या बाकापर्यंत बघायच्या. आम्ही बसल्यावर हळूच कुणाला विचारायच्या, "डोळे का सुजलेत गं? झोप झाली नाही?" किंवा "शेजारचा आज कुठे गेला?" त्यांना हे कसं समजतं याचं तेव्हा नवल वाटायचं. स्वतः शिकवायला लागल्यावर कोडं सुटलं. बसलेल्या वर्गात मागच्यांचे चेहरे पुढच्यांच्या डोक्याआड जातात, लिहायला लागली की सगळ्या माना खाली. सगळे चेहरे वर आणि एकदम समोर, असा दिवसातला तो एकच क्षण असतो. बाई तो वाया जाऊ देत नव्हत्या. त्यांच्या तासाला आमचं नमस्ते कधीच फार मोठं नव्हतं, पण बाक मात्र आधी वाजत नसे.

समूहाने म्हणण्यावर टीका करणारे म्हणतात की पन्नासांच्या आवाजात एकेक मूल लपून जातं. ते खरं आहे, पण लपायला मिळणं ही काही मुलांची गरज असते. सांगली जिल्ह्यात कारखान्याच्या पट्ट्यात माझी शाळा होती. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत आणि त्यांच्यातली काही मुलं आमच्या वर्गात बसत. एका वर्षी दुसरीत एक मुलगी आली. बोली वेगळी, अंगावर मोठ्या भावाचा शर्ट. नाव विचारलं तरी मान खाली. हजेरीला तिच्या वतीने शेजारीण "आहे" म्हणायची. बरेच दिवस असे गेले आणि एका सकाळी नमस्तेच्या वेळी तिचे ओठ हलताना दिसले. मी काहीच बोलले नाही, वर्गासमोर कौतुक केलं असतं तर ती पुन्हा मिटली असती. मग ती पाढ्यात आली, मग कवितेत, आणि संक्रांतीच्या सुमारास हजेरीला स्वतः "हजर मॅडम" म्हणाली. एकटीने बोलायच्या आधी तिला घोळक्यात बोलून बघायचं होतं. तिला मी पहिल्याच दिवशी दारात उभं करून एकटीला नमस्ते म्हणायला लावलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आली असती की नाही, मला शंका आहे.

हल्ली दारात तक्ता लावून प्रत्येक मुलाचं वेगळं स्वागत करतात, कुणाला टाळी, कुणाला नमस्कार, कुणाला मिठी. छान वाटतं बघायला. चाळीस मुलांना पाच-पाच सेकंद दिले तरी तीन मिनिटांच्या वर जातात, त्यामुळे सकाळी एकदा जमतं, पण पस्तीस मिनिटांच्या प्रत्येक तासिकेला ते परवडणारं नाही.

समूहाचं नमस्ते नसलेला वर्ग कसा असतो, हेही कोरोनानंतर पाहायला मिळालं. मोबाईलवरच्या तासाला ते जमतच नव्हतं. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोहोचायचा, नुसती कचकच ऐकू यायची आणि शेवटी सगळ्यांना म्यूट करायला सांगावं लागे. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्ष भरले. माझ्या दुसरीतल्या मुलांनी तोवर शाळेचा वर्गच पाहिला नव्हता. मी आत गेले तर कुणी उठलं नाही, सगळी धावत टेबलाभोवती आली. "मॅडम, आमची म्हैस व्याली." "मॅडम, ह्याने माझी बाटली घेतली." प्रेम भरपूर होतं, आदर नव्हता असंही नाही. पण तास सुरूच होत नव्हता. प्रत्येक जण माझ्याशी जोडलेला होता, एकमेकांशी नव्हता. त्यांना "एक साथ" शिकवलं, तेव्हा कुठे आठवड्याभरात 'आपण आता सुरू करतोय' हे त्यांना कळायला लागलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : समूहाने नमस्ते म्हणण्याने वर्ग जुळतो. आदर येतो की नाही, ते त्यानंतर शिक्षक काय करतो त्यावर ठरतं.

म्हणून शब्द बदलण्याचे आदेश निघतात तेव्हा मला फारशी आशा वाटत नाही. गुजरातमध्ये २०१९ पासून हजेरीला 'जय हिंद' किंवा 'जय भारत' म्हणायचं ठरलं, हरियाणात २०२४ मध्ये 'गुड मॉर्निंग'ऐवजी 'जय हिंद' आलं. शब्द चांगलेच आहेत. पण कुठलाही शब्द दिवसातून आठ वेळा त्याच ओढीत गेला आणि समोरचा माणूस फळा पुसत राहिला, तर त्याचंही तेच होणार.

आपल्या शाळेतल्या आजच्या शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. समूहाचं नमस्ते सकाळच्या पहिल्या तासिकेला ठेवा आणि मधल्या सुट्टीनंतर एकदा, कारण तेव्हा वर्ग पुन्हा विस्कटलेला असतो. बाकी तासांना मुलं नुसती उठून बसली तरी पुरे. या दोन्ही वेळा हातातलं सगळं खाली ठेवा, वर्गाकडे तोंड करा, आवाज कमी आला तरी पुन्हा म्हणायला लावू नका. आणि "बसा" म्हणायच्या आधी एकदा शेवटच्या बाकापर्यंत बघून घ्या.