मार्किंग स्कीमच्या फोटोतून रुब्रिक : पहिलं पान झालं, पाच मार्कांचा एक प्रश्न

मंडळी, शिक्षकांच्या मार्किंग स्कीमच्या फोटोंतून रुब्रिकचं टेबल बनवून बघायचं असं मागच्या वेळी म्हटलं होतं, तशी एका पानापासून सुरुवात केली. ओळखीच्या एका विज्ञानाच्या मॅडमनी त्यांच्या मार्किंग स्कीमचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवलेत, आणि त्यातला एक प्रश्न मी पूर्ण रुब्रिकमध्ये बसवला, म्हणजे निकष, गुण आणि प्रत्येक गुणाला काय दिसलं पाहिजे त्याचं वर्णन. एकाच प्रश्नाला तीन संध्याकाळी गेल्या. टायपिंगला त्यातला अर्धा तासच गेला असेल, बाकीचा सगळा वेळ कागदावर जे अक्षरात लिहिलेलंच नाही ते वाचण्यात गेला.

प्रश्न असा : प्रकाशसंश्लेषणासाठी प्रकाश लागतो हे दाखवणारा प्रयोग लिहा, 5 गुण. पानावर उत्तराचे मुद्दे छापलेले आहेत, उजव्या मार्जिनमध्ये गुण, आणि त्यावर मॅडमनी पेनने कंस, बाण, दोनचार शब्द घातलेत. खाली कोपऱ्यात गोल करून 5.

आधी फोटोबद्दल. फोटो वहीच्या शिवणीकडे वाकलेल्या पानाचा होता, उजवी कड खाली झुकलेली, आणि गुण नेमके त्याच कडेला. ग्रे करून, सरळ करून टेसरॅक्टला, म्हणजे फोटोतला मजकूर वाचून देणाऱ्या प्रोग्रामला दिला :

```
magick pan.jpg -colorspace Gray -deskew 40% -normalize pan.png
tesseract pan.png pan -l mar --psm 6
```

psm म्हणजे पानाची मांडणी कशी धरायची ते सांगणारा आकडा. आधी तो न देता चालवलं होतं तेव्हा त्याने मार्जिनला वेगळा कॉलम समजून सगळे गुण फाईलच्या तळाशी एकाखाली एक टाकले, म्हणजे कुठला गुण कुठल्या मुद्द्याचा हेच गेलं. 6 ला ते सगळं पान एकच ब्लॉक धरतं त्यामुळे गुण ओळीच्या शेवटी राहिले, पण पान वाकलेलं असल्यामुळे खालच्या तीन ओळींचे गुण एकेक ओळ खाली सरकले. आणि ½ कधी % म्हणून आला, कधी नुसता 1. पेनचं अक्षर तर ओळखलंच नाही, ते अपेक्षितच होतं, छापील मजकुरासाठी बनवलेली गोष्ट आहे ती. शेवटी मॅडमना सांगून पान काचेखाली सपाट ठेवून बरोबर वरून परत फोटो काढून घेतला, छापील भाग मशीनकडून घेतला आणि गुण व पेनचं सगळं हाताने टाईप केलं. माझं मत आता पक्कं झालंय की मार्जिनमधले आकडे मशीनवर सोडायचेच नाहीत. पंधरा-वीस आकडे असतात, पाच मिनिटांत होतात, आणि एक ½ जरी 1 झाला तरी पुढचं सगळं टेबल खोटं ठरतं.

टाईप केल्यावर मजकूर असा होता :

कुंडीतलं रोप 48 तास अंधारात (पानातला स्टार्च संपण्यासाठी) : ½ + ½
पानाचा भाग काळ्या कागदाने झाकणे : ½
उन्हात / प्रखर प्रकाशात ठेवणे : ½
पान पाण्यात उकळणे / अल्कोहोलमध्ये वॉटर बाथवर उकळणे / धुणे / आयोडीन टाकणे : प्रत्येकी ½
निरीक्षण, दोन्ही भाग : 1
निष्कर्ष : ½

आता बेरीज करा. 1, मग 1, मग चार अर्धे म्हणजे 2, मग 1, मग ½. साडेपाच. आणि गोलात 5.

ही बेरीज मी सगळ्यात आधी करतो, कारण फोटोत काही सुटलंय का हे सांगणारी ही एकच गोष्ट पानावरच असते. अर्धा जास्त आला म्हणून परत मूळ फोटो मोठा करून बसलो. चार पायऱ्यांच्या शेजारी पेनचा महिरपी कंस होता तो मी सजावट समजून सोडला होता, आणि त्या कंसाला लागून, आडवं नाही तर उभं, खालून वर असं लिहिलेलं, "कोणतेही 3". म्हणजे त्या ओळीला दीडच. बेरीज 5, जुळलं. बेरीज कमी आली असती तर एखादा मुद्दा सुटलाय असं समजायचं, जास्त आली तर "कोणतेही इतके" किंवा "जास्तीत जास्त इतके" असं काहीतरी नजरेतून गेलंय असं समजायचं, मला तरी आतापर्यंत असंच दिसलंय.

याच पानावर अजून दोन खुणा आहेत ज्या सारख्या दिसतात पण अर्थ वेगळा. तिरपी रेघ बघा, "उन्हात / प्रखर प्रकाशात" मध्ये ती म्हणजे "किंवा", दोनातला कुठलाही शब्द चालेल आणि गुण एकदाच. पण "पाण्यात उकळणे / अल्कोहोलमध्ये उकळणे / धुणे / आयोडीन" मध्ये तीच रेघ चार वेगवेगळे मुद्दे तोडते आणि प्रत्येकाला आपापला अर्धा आहे. टेबल करताना दोन्ही रेघा तशाच ठेवल्या तर दुसरा कोणी तपासणारा गोंधळणारच, म्हणून पहिलीच्या जागी मी "किंवा" लिहिलं आणि दुसरी तोडून चार ओळी केल्या. तसंच गोल कंसाचं. बऱ्याच स्कीममध्ये कंसातले शब्द विद्यार्थ्याने नाही लिहिले तरी चालतात, पण इथे ½ + ½ आहे आणि दुसरा ½ लागण्यासारखं त्या ओळीत कंसाशिवाय काहीच नाही, म्हणजे इथे कंसातलं कारण लिहिणं हाच एक मुद्दा आहे.

मग निकष पाडले. प्रत्येक अर्ध्या गुणाला एक ओळ केली असती तर ती फक्त टिकमार्कची यादी झाली असती, रुब्रिक नाही. म्हणून जे मुद्दे प्रयोगाच्या एकाच टप्प्याचे आहेत ते एकत्र केले आणि पाच निकष निघाले : तयारी, मांडणी, चाचणी, निरीक्षण, निष्कर्ष.

वर्णनं लिहिताना मात्र मी घसरलो. चाचणीच्या पूर्ण गुणांना मी लिहिलं "कोणत्याही तीन पायऱ्या योग्य क्रमाने". लिहिताना अगदी स्वाभाविक वाटलं कारण क्रम खरंच महत्त्वाचा आहे, अल्कोहोलने आधी हिरवं हरितद्रव्य निघालं नाही तर आयोडीनचा निळा-काळा रंग दिसणार कसा. पण स्कीममध्ये क्रमाबद्दल एक अक्षर नाही. तो माझा नियम होता, परीक्षकाचा नव्हता.

हे कळलं ते टेबल खऱ्या उत्तरांवर वापरून बघितल्यावर. मॅडमनी सहा तपासलेली उत्तरं दिली होती, नावं काढून. त्यांचे गुण झाकून ठेवले आणि फक्त माझ्या टेबलवरून सहाही तपासली. चार जुळली, दोन नाही.

पहिल्या न जुळलेल्यात मुलाने आधी आयोडीन, मग अल्कोहोल, मग पाणी असं उलटं लिहिलं होतं. मॅडमनी चाचणीला दीड दिला होता आणि एकूण साडेचार, मी क्रम धरून अर्धाच दिला आणि एकूण साडेतीन झाले. म्हणजे दोन शब्दांनी एक पूर्ण मार्क गेला. ते शब्द काढले. मला अजूनही वाटतं क्रमाला काहीतरी गुण असायला हवा, आणि हे मी टेबलच्या बाहेर वेगळ्या शेऱ्यात लिहून मॅडमना दिलंय, पण टेबलमध्ये ते येणार नाही.

दुसऱ्यात झाकलेला भाग निळा-काळा झाला असं चक्क उलटं निरीक्षण होतं आणि खाली निष्कर्ष मात्र बरोबर, प्रकाश लागतो. माझ्या हिशोबाने तयारी 1, मांडणी 1, चाचणी 1, निरीक्षण 0, निष्कर्ष ½, एकूण साडेतीन, आणि मॅडमचे 3. परत फोटो. निष्कर्षापासून निरीक्षणाकडे जाणारा एक बारीक बाण होता, मी तो "हे वर बघा" असा धरला होता. विचारलं तर म्हणाल्या, "अरे, निरीक्षण चुकलं तर निष्कर्ष पाठांतराचा आहे, त्याला कसला गुण." टेबलात प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचली जाते, बाण काढता येत नाही, म्हणून ती अट निष्कर्षाच्या वर्णनातच शब्दांत लिहिली.

त्याच फोनवर अजून एक विचारून घेतलं. निरीक्षणाला 1 आहे आणि "दोन्ही भाग" लिहिलंय, मग फक्त उघड्या भागाचं लिहिलं तर अर्धा द्यायचा का, कारण मी मधल्या रकान्यात सवयीने ½ टाकून ठेवला होता. "नाही रे, झाकलेल्या भागाचं लिहिलंच नाही तर तुलना कुठे झाली, शून्य." म्हणजे तो मधला रकाना रिकामाच राहणार. सगळे रकाने भरलेले दिसावेत म्हणून मधले गुण तयार करायचा मोह फार होतो, पण स्कीममध्ये जो गुण नाही तो टेबलमध्ये पण नाही.

आत्ताचं टेबल :

| निकष | कमाल | पूर्ण गुण | मधले गुण | शून्य |
|---|---|---|---|---|
| तयारी | 1 | रोप 48 तास अंधारात ठेवलं आणि स्टार्च संपावा म्हणून हे कारण दिलं | ½ : दोन्हींपैकी एकच | दोन्ही नाही |
| मांडणी | 1 | पानाचा भाग काळ्या कागदाने झाकला आणि रोप उन्हात किंवा प्रखर प्रकाशात ठेवलं | ½ : दोन्हींपैकी एकच | दोन्ही नाही |
| चाचणी | 1½ | पाण्यात उकळणे, अल्कोहोलमध्ये वॉटर बाथवर उकळणे, धुणे, आयोडीन टाकणे यातल्या तीन किंवा चारही | 1 : दोन पायऱ्या, ½ : एक पायरी | एकही नाही |
| निरीक्षण | 1 | उघडा भाग निळा-काळा झाला आणि झाकलेला झाला नाही, दोन्ही लिहिलं | नाही | एकाच भागाचं, उलटं किंवा काहीच नाही |
| निष्कर्ष | ½ | प्रकाश आवश्यक आहे असं लिहिलं आणि निरीक्षणाला 1 मिळालाय | नाही | निरीक्षणाला 0, किंवा निष्कर्ष नाही |

कमाल रकान्याची बेरीज 5. वर्णनांत "चांगलं", "समाधानकारक" असे शब्द कुठेच ठेवले नाहीत, उत्तरात बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच लिहिलंय. या टेबलवर सहाही उत्तरं परत तपासली, सहाही जुळली. पण वर्णनं दुरुस्त केली ती याच उत्तरांवरून, तेव्हा जुळणारच होती, म्हणून मॅडमकडून अजून दहा मागवलीत, मी एकदाही न बघितलेली.

एक गोष्ट अजून अडकलीय. अल्कोहोलमध्ये उकळलं पण वॉटर बाथ लिहिलंच नाही तर तो मुद्दा धरायचा का? छापील ओळीत "वॉटर बाथवर" शब्द आहेत, पण ते गुणासाठी लागतात की नुसतं पूर्ण वाक्य म्हणून आलेत हे फोटोवरून ठरत नाही. अल्कोहोल थेट ज्योतीवर ठेवलं तर पेट घेऊ शकतं, त्यामुळे मला तरी ते शब्द लागतात असं वाटतं. सहा उत्तरांत ही वेळ आली नाही. नव्या दहांत कोणी वॉटर बाथ न लिहिता उकळलं असेल तर मॅडमनी तिथे काय दिलंय ते बघून ती ओळ पक्की करेन, तोवर तो प्रश्न उघडाच ठेवलाय.