सिंहगडाची नोंद: विकिपीडियाच्या तळटिपेपासून सभासदापर्यंत

आपल्या गडनोंदींमधल्या सिंहगडाच्या नोंदीचं काम बरंच पुढे सरकलं आहे. गडाचं नाव कधी पडलं, तानाजी मालुसरे पडल्यावर महाराज काय म्हणाले, लढाईची तारीख आणि घोरपडीची गोष्ट, या चारही मजकुरांपुढे आधी संदर्भ म्हणून फक्त 'विकिपीडिया' लिहिलेलं होतं. आता ते काढलं आहे. काढलं म्हणजे नेमकं काय केलं ते सविस्तर मांडतो, कारण रायगड, पुरंदर, पन्हाळा या नोंदींवर काम करणाऱ्यांना हीच वाट उपयोगी पडेल.

सुरुवात नावापासून. 'तानाजींच्या बलिदानानंतर महाराजांनी कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं' हे वाक्य पाट्यांवर, पर्यटनाच्या पुस्तिकांत, भाषणांत सगळीकडे सापडतं, आणि जे सगळीकडे असतं ते ऑनलाइन ज्ञानकोशात आज ना उद्या येतंच. लढाई झाली १६७० साली. पण ३ एप्रिल १६६३ चं शिवाजी महाराजांचं एक पत्र उपलब्ध आहे. मोरो त्रिंबक पिंगळे आणि निळो सोनदेव यांना लिहिलेल्या या पत्रात गडावर फितवा झाल्याची बातमी आहे आणि गडाचा उल्लेख 'सिंहगड' असाच आहे. म्हणजे लढाईच्या जवळजवळ सात वर्षं आधी हे नाव महाराजांच्या कचेरीत वापरात होतं. एका पत्राने वाक्य मोडतं, आणि ते पुन्हा उभं करायला ज्ञानकोशाचा दाखला पुरत नाही, कारण ज्ञानकोशाला स्वतःचं असं काहीच माहीत नसतं. तो दुसऱ्याने लिहिलेलं सांगतो. दुसरा कोण, हे सांगितलं नसेल तर हातात काहीच उरत नाही.

विकिपीडियाचे स्वतःचे नियमही हेच सांगतात: विकिपीडियाच्या एका लेखात दुसऱ्या लेखाचा संदर्भ म्हणून आधार घ्यायचा नाही. तिथे लेखक कोण, त्याने मोडी कागद पाहिला की सहलीची पुस्तिका, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. शिवाय पान बदलतं. आज उतरवून घेतलेलं वाक्य पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही, आणि मग आपल्या नोंदीतला दाखला हवेत लटकतो.

पण पान टाकून द्यायचं नाही. त्याचा उपयोग तळटिपांसाठी करायचा. आपल्याला हवं ते वाक्य शोधा आणि त्याच वाक्याच्या शेवटी आकडा आहे का ते बघा. परिच्छेदाच्या शेवटी एकच आकडा असेल तर तो फक्त शेवटच्या वाक्याचा आधार असू शकतो. मधलं वाक्य नंतर कुणीतरी घुसवलेलं असतं आणि ते तळटिपेच्या सावलीत उभं राहतं. हे फार वेळा घडतं. तळटीप उघडल्यावर तीन गोष्टी तपासा: पुस्तकाचा पानक्रमांक दिला आहे का, त्या पानावर ते विधान खरंच आहे का, आणि त्या पुस्तकाने ते कुठून घेतलं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत थांबू नका.

तळटीप वर्तमानपत्राच्या लेखाची असेल तर आणखी एक तपासणी लागते. पानाच्या 'इतिहास' टॅबमध्ये जाऊन ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते काढा. जुन्या आवृत्त्या एकेक उघडत बसायचं नसेल तर इंग्रजी पानाच्या इतिहासात `WikiBlame` हे शोधसाधन मिळतं. वाक्याचा तुकडा दिला की तो कोणत्या संपादनात घुसला ते ते शोधून देतं. वाक्य आधी आलं आणि बातमी नंतर छापली गेली असेल, शब्दही जवळपास तेच असतील, तर वार्ताहराने विकिपीडियावरूनच उचललं आहे आणि विकिपीडियाने पुढे त्याच बातमीला आधार केलं आहे, असा दाट संशय घ्यायचा. असं वर्तुळ दिसलं की दोन्ही दाखले बाद.

'चर्चा' टॅबही वाचा. गडांच्या आणि लढायांच्या पानांवर तिथे वाद झालेले असतात आणि वाद घालणारे रागारागात का होईना, पण साधनांची नावं देतात. 'शिवकालीन पत्रसार संग्रह', जेधे शकावली, राजवाड्यांचे खंड, शिवचरित्र साहित्य ही नावं दिसली की आपण मुक्कामाजवळ आलो असं समजा.

पत्रसार संग्रहाबद्दल मात्र सावध राहा. नावातच आहे की ते 'सार' आहे. संपादकांनी पत्राचा आशय थोडक्यात दिला आहे, पत्र जसंच्या तसं दिलेलं नाही. गडाचं नाव पत्रात कोणत्या शब्दांत आलं हाच मुद्दा असताना सारावर थांबून चालत नाही, कारण सार लिहिणारा आपल्या काळातलं रूढ नाव सहज वापरू शकतो. नोंदीखाली मूळ पत्र कुठे छापलं आहे त्याचा संक्षेप असतो. 'राखं' म्हणजे राजवाडे खंड, 'शिचसा' म्हणजे शिवचरित्र साहित्य. संक्षेपांची यादी ग्रंथात दिलेली असते, ती आधी काढून ठेवा. मग तो खंड उघडून पत्राची पूर्ण वाचना बघायची आणि आपल्या नोंदीत दोन्ही द्यायचे: मूळ छापील पत्र आणि ते जिथून सापडलं तो सारसंग्रह.

आता महाराजांचे उद्गार. 'गड आला पण सिंह गेला' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं आहे, ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचं नावही तेच. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास, राजाराम महाराज जिंजीला असताना, बखर लिहिली. त्यात हे उद्गार 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला' असे आहेत. सिंह नाही, गडच. म्हणून आपल्या नोंदीत सभासदाचं वाक्य अवतरणात आणि रूढ वाक्य 'पुढे प्रसिद्ध झालेलं रूप' म्हणून दिलं आहे. सभासदही घटनेनंतर चोवीस वर्षांनी लिहितो आहे, त्यामुळे 'महाराज म्हणाले' असं न लिहिता 'सभासदाच्या बखरीनुसार महाराज म्हणाले' असं लिहिलं आहे. एवढा एक शब्दप्रयोग नोंदीला प्रामाणिक ठेवतो.

घोरपडीचंही त्याच बखरीने निस्तरतं. सभासद सांगतो की तानाजींनी कडा चढण्यात तरबेज असे दोन मावळे निवडले, ते रात्री वानरासारखे कड्यावरून वर गेले आणि त्यांनी वरून माळ लावली, मग बाकीचे चढले. घोरपड नाही. यशवंती घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तो अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहात आहे. दोन्ही नोंदीत ठेवलं आहे, पण वेगवेगळ्या ओळींत: बखरीतलं वर्णन आणि पोवाड्यातली कथा. ज्ञानकोशाच्या पानावर या दोहोंची एकच सलग गोष्ट होऊन बसते, आणि मग कुठला धागा कुठला ते उसवता येत नाही. त्या पानांशी माझं मोठं भांडण आहे ते याच गोष्टीवरून.

बखर ऑनलाइन शोधताना होणारी अडचणही सांगून ठेवतो. `archive.org` वर जुन्या मराठी ग्रंथांचे स्कॅन भरपूर आहेत, पण त्यांची नावं रोमन लिपीत, कशीही लिहिलेली असतात. एकदा शोधून मिळालं नाही म्हणजे नाहीच असं समजू नका, रूपं बदलून बघा:

```
sabhasad bakhar
sabhasadachi bakhar
sabhasad virachit shivachhatrapati
```

जुन्या छपाईच्या देवनागरीत मजकुराचा शोध बहुतेकदा फसतो, कारण स्कॅनमधली अक्षरं यंत्राला नीट वाचता आलेली नसतात. अनुक्रमणिका नसेल तर पानं चाळायचीच तयारी ठेवा. इंग्रजी चालत असेल तर सुरेंद्रनाथ सेन यांचं १९२० चं भाषांतर जागा सापडायला मदत करतं. त्यात प्रसंग शोधा आणि मग मराठी छापील प्रतीत त्याच ठिकाणी या. पानक्रमांक देताना पुस्तकावर छापलेला द्या, पडद्यावरचा स्कॅनचा नको. मुखपृष्ठ आणि प्रस्तावना धरून स्कॅनचा आकडा पुढे गेलेला असतो. संपादक कोण आणि आवृत्ती कितवी हेही लिहा, कारण साने आणि वाकसकर यांच्या प्रतींत पानं वेगळी पडतात. उतारा घेताना 'घेतलें', 'केलें' यांवरचे अनुस्वार छापील प्रतीत असतील तसेच ठेवा.

उरली तारीख. लढाईची तिथी माघ वद्य ९, शके १५९१. शकात सरसकट ७८ मिळवले तर १६६९ येतं आणि हीच चूक कितीतरी पानांवर सापडते. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना ७८ आणि जानेवारी लागल्यावर येणाऱ्या तिथींना ७९ मिळवायचे. माघ वद्य फेब्रुवारीत येतं, म्हणून १६७०.

दिवसाचंही एक आहे. ४ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन कालगणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने त्याच दिवशी १४ फेब्रुवारी येते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर होतं. विकिपीडियाच्या एका भाषेतल्या पानावर एक तारीख आणि दुसऱ्या भाषेतल्या पानावर दुसरी दिसली, आणि फरक बरोबर दहा दिवसांचा असेल, तर बहुतेक दोन्ही पानं एकाच दिवसाबद्दल बोलत आहेत. फरक दुसराच असेल तर कुणीतरी चुकलं आहे. आपल्या नोंदींत आता आधी तिथी, मग ज्युलियन तारीख आणि तिच्यापुढे 'ज्यु.' असं लिहायचं ठरवलं आहे. तिथी मूळ साधनात असते, तारीख आपण काढलेली असते.

काही ठिकाणी विकिपीडियाचा दाखला द्यावाच लागतो, उदाहरणार्थ एखादी चुकीची समजूत किती पसरली आहे हे दाखवायला. तेव्हा पानाचा साधा पत्ता देऊ नका. इतिहासात जाऊन त्या दिवशीच्या आवृत्तीची तारीख दाबा. पत्त्यात `oldid=` आणि पुढे आकडा दिसेल. तो दुवा त्या आवृत्तीलाच बांधलेला असतो, पान पुढे कितीही बदललं तरी.

पुढचं काम पुरंदरचं. तिथे १६६५ च्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांची यादी ज्ञानकोशाच्या पानावरून घेतलेली आहे. यादीतल्या प्रत्येक नावापुढे छापील साधन आणि पान लागेपर्यंत त्या नोंदीवर 'तपासायची आहे' असा शेरा राहील. ज्यांच्याकडे राजवाड्यांचे खंड घरी आहेत त्यांनी संक्षेपांच्या यादीचं छायाचित्र टाकावं, म्हणजे सगळ्यांनाच शोधायला सोपं जाईल.